पॅडवर डाग, नाडी ११८

सोलापूर जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. प्रसूती विभाग आणि त्याला लागून असलेला स्त्रीरोग वॉर्ड, दोन्हींची रात्रपाळी बहुतेक वेळा एकाच सिस्टरकडे असते. दिवस गेलेल्या बाईची तक्रार आमच्याकडे ठरलेल्या शब्दांत येते: "पाळी चुकली होती, आता अंगावरून जातंय, पोटात दुखतंय." या एका वाक्यामागे काहीही असू शकतं. वाचणारा गर्भ असतो, पडायला लागलेला असतो, अर्धा पडून अर्धा आत अडकलेला असतो, आणि कधी कधी गर्भ पिशवीत नसतोच, बाजूच्या बीजनलिकेत, म्हणजे नळीत असतो. कागदावर चारही जणींची तक्रार सारखी दिसते. डॉक्टर येईपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत कोणती बाई कुठल्या गटातली याचा अंदाज सिस्टरला घ्यावाच लागतो, कारण कोणाला आधी हात लावायचा हे त्यावर ठरतं.

ज्या रात्रीबद्दल लिहितेय त्या रात्री अशा तिघी एकदम माझ्याकडे होत्या. त्यातली एक जवळजवळ गेलीच होती. तिला इथे मंगल म्हणते, खरं नाव वेगळं आहे.

मंगल अठ्ठावीस वर्षांची, दोन मुलांची आई. रात्री साडेअकराच्या सुमारास नवरा आणि सासू तिला धरून घेऊन आले. केसपेपरवर लिहून आलं होतं, "पोटदुखी, जुलाब, अशक्तपणा". सासूबाईच बोलत होत्या. दुपारपासून पोटात गॅस धरलाय, सारखं संडासला जावंसं वाटतं पण होत काही नाही, संध्याकाळी संडासातच घेरी येऊन पडली. गावातल्या एका दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. मंगल स्वतः काही बोलत नव्हती. स्ट्रेचरवर निजवलं की उठून बसायची, गुडघे पोटाशी घ्यायची आणि उजवा खांदा डाव्या हाताने दाबून धरायची.

तो खांदा मी आधी बघितला. पडून खांद्याला लागलं का, असं विचारलं तर "नाही, आडवं झालं की आपोआप कळ येते" म्हणाली. आमच्या कामात हे वाक्य ऐकलं की कान टवकारावे लागतात. पोटात रक्त सांडलं आणि बाई आडवी झाली की ते वर सरकून श्वासपटलाखाली जमतं. श्वासपटलाची नस आणि खांद्याच्या कातडीची संवेदना मानेच्या एकाच पातळीवरून निघतात, म्हणून दुखणं पोटातलं असलं तरी कळ खांद्यात जाणवते. संडासला लागल्यासारखं होणं हेही त्यातलंच. पिशवीच्या मागच्या खळग्यात रक्त साचलं की ते गुदाशयावर दाबतं आणि बाईला वाटतं पोट बिघडलंय. जुलाब म्हणून आलेल्या कुठल्याही तरुण बाईला मी विचारते, "नक्की जुलाब होतायत, की नुसतं लागल्यासारखं वाटतंय?" मंगलला एकदाही जुलाब झाला नव्हता.

नाडी ११८. रक्तदाब ९६/६४. श्वास मिनिटाला चोवीस. हाताची बोटं गार, डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत पांढुरकी. ऑक्सिजन मात्र ९८ टक्के, आणि इथेच नवीन मुली फसतात. मीटरवरचा आकडा चांगला दिसला की त्यांना हायसं वाटतं. शरीरात उरलेलं रक्त ऑक्सिजनने भरलेलं आहे एवढंच तो आकडा सांगतो, रक्त किती उरलंय ते सांगत नाही. मी त्यापेक्षा एक साधं गणित करते: नाडीला वरच्या रक्तदाबाने भागायचं. निरोगी माणसात ०.५ ते ०.७ येतं. ०.९ च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. मंगलचं १.२ च्या वर होतं. तरुण बाईचं शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ धरून ठेवतं. अंगातलं तीसेक टक्के रक्त जाईपर्यंत रक्तदाब फारसा खाली येत नाही, आणि मग एकदम कोसळतो. म्हणून ९६ हा आकडा "बरा आहे" असा वाचायचा नसतो.

पडदा ओढला, सासूबाईंना बाहेर बसवलं आणि पॅड बघितलं. त्यावर रुपयाच्या नाण्याएवढा काळपट डाग. बस्स.

एवढी पांढरी पडलेली बाई आणि पॅडवर एवढंच रक्त, हा हिशेब जुळत नव्हता. माझ्या मते या सगळ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. पिशवीतला गर्भ पडत असतो तेव्हा गेलेलं रक्त डोळ्यांना दिसतं. साडीवर दिसतं, पॅडवर दिसतं, बेडपॅनमध्ये दिसतं, आणि बाईची अवस्था त्या रक्ताच्या प्रमाणात असते. दिसणारं रक्त थोडं आणि बाई मात्र खचलेली असेल, तर रक्त दुसरीकडे कुठेतरी जातंय.

एकटी असताना विचारलं, "मंगल, पाळी कधी आली होती शेवटची?" ती दाराकडे बघायला लागली. मी आवाज खाली घेतला. "हे बघ, तुझ्या आत्या बाहेर आहेत. तू सांगशील ते माझ्यापाशी आणि डॉक्टरांपाशी राहील. कोणाला पकडायला विचारत नाही, औषध काय द्यायचं ते ठरवायला विचारतेय." मग सगळं बाहेर आलं. पाळी चुकून आठ-दहा दिवस झाल्यावर तिने घरीच पट्टीवर लघवी तपासली. धाकटं पोर अजून अंगावर पीत होतं, तिसरं नको होतं. नवऱ्याने मेडिकलमधून पाच गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. पहिली एक गोळी गिळली, दोन दिवसांनी उरलेल्या चार. पाळीसारखं पाच दिवस गेलं, एक मांसाचा तुकडा पडला, आणि दोघांना वाटलं सुटलो. त्यानंतरही थोडं थोडं डागासारखं जात राहिलं आणि उजव्या बाजूला ओटीपोटात बारीक दुखत राहिलं. मेडिकलवाल्याला विचारलं तर त्याने सांगितलं, पिशवी साफ होतेय, थांबेल आपोआप.

त्या पाकिटात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. औषध चांगलं आहे. नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंत कायद्यानेही देता येतं. पण पिशवीतल्या गर्भासाठी ते बनलेलं आहे. नळीतल्या गर्भाला त्याने काही होत नाही. गंमत अशी, म्हणजे कसली गंमत, की गर्भ नळीत असला तरी पिशवीचं अस्तर गर्भारपणासारखंच जाड झालेलं असतं. गोळ्या घेतल्या की ते अस्तर सुटून पडतं. रक्त जातं, कधी कधी अख्खं अस्तर एका तुकड्यात पडतं, आणि बाई समजते गर्भ पडला. नळीतला गर्भ तिकडे वाढतच असतो. गोळ्या देण्याआधी गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करायची ती याचसाठी. ही पायरी मेडिकलच्या काउंटरवर कोण करणार?

यूपीटी, म्हणजे पट्टीवरची लघवीची तपासणी केली, दोन रेषा आल्या. एरवी एवढ्याने काही सिद्ध होत नाही. गर्भपात नीट पूर्ण झाला तरी पट्टी पुढे तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या रात्री दोन रेषांचा अर्थ एवढाच होता की ही पोटदुखी स्त्रीरोगाच्या खात्यातली आहे, गॅसच्या नाही.

ड्युटीवरच्या मेडिकल ऑफिसर सरांना मी हे सगळं फोनवर सांगितलंच होतं, ते येईपर्यंत हात चालू ठेवले. दोन्ही हातांना एकेक मोठी सुई. करड्या रंगाची सोळा नंबर एका हाताला बसली. दुसऱ्या हाताची शीर चपटी झाली होती, तिथे हिरवी अठरा नंबर कोपराच्या खळगीत घातली. गुलाबी वीस नंबर अशा वेळी घ्यायची नाही. तिच्यातून सलाईन जातं, पण थिएटरमध्ये रक्त भराभर द्यायची वेळ आली की ती पुरत नाही. सुई घातली त्याच क्षणी तिच्यातून रक्त काढून घेतलं: हिमोग्लोबिनला एक बाटली, रक्तगट आणि क्रॉसमॅचिंगला दुसरी. बाटलीवर नाव पेशंटच्या शेजारी उभं राहूनच लिहायचं. टेबलावर नेऊन, मग आठवून लिहिलं की चुकीच्या गटाचं रक्त चढवण्याची सुरुवात तिथेच होते.

रिंगर लॅक्टेट जोरात सोडलं. पहिली बाटली धावती, दुसरी बघून बघून. पूर्वी आम्ही बाटल्यांवर बाटल्या ओतायचो. आता पोटातलं रक्त थांबलेलं नसताना रक्तदाब १२० वर नेण्याचा आग्रह धरत नाही. नुसत्या पाण्याने रक्त पातळ होतं, गोठण्याची ताकद जाते आणि नळीवर बसलेली गुठळी सुटते. बाई बोलतेय, वरचा रक्तदाब नव्वदच्या आसपास टिकलाय, लघवी होतेय, एवढं थिएटरपर्यंत पुरे. मास्कने ऑक्सिजन, अंगावर ब्लँकेट, पाय उशीवर उचललेले. पूर्ण सपाट केलं की खांद्याची कळ वाढून ती पुन्हा उठायला बघायची, म्हणून डोक्याखाली एक पातळ उशी राहू दिली. लघवीची नळी घातली, पिशवीत गडद पिवळी, मोजकीच. तोंडाने काही द्यायचं नाही, हे मावशींना दोनदा बजावलं, कारण सासूबाई तेवढ्यात लिंबूपाणी घेऊन दारात उभ्या होत्या.

सर आले. गोळ्यांचं ऐकून म्हणाले, "मग इनकम्प्लिट अबॉर्शन असेल. गोळ्या घेतलेल्यांत तेच जास्त." मी म्हटलं, "सर, पॅड बघा. आणि शेजारची चार नंबर बघा."

चार नंबरवरची बाई खरोखर अपुऱ्या गर्भपाताची होती. अकराव्या आठवड्यात, संध्याकाळी सातला आलेली. तिच्या परकरापासून पायापर्यंत रक्त, मुठीएवढ्या गुठळ्या, आणि दुखणं बाळंतपणाच्या कळांसारखं येऊन जाऊन. तिलाही मध्येच घेरी आली होती, रक्तदाब ८० वर गेला होता. पण नाडी ५४! रक्त गेल्याने रक्तदाब पडला असता तर नाडी पळायला हवी होती. गर्भाचा भाग पिशवीच्या तोंडात अडकून तोंड ताणलं गेलं की नाडी अशी मंदावते आणि रक्तदाब कोसळतो. सरांनीच स्पेक्युलम घालून तोंडाशी दिसणारा तुकडा चिमट्याने अलगद काढला, आणि पाच मिनिटांत नाडी ७८, रक्तदाब १०४. सलाईन लागलंच, पण खरा उपचार तो तुकडा काढणं हाच होता.

त्या दोघींमधला फरक सरांना मला समजावून सांगावा लागला नाही, त्यांनी स्वतःच बघितला. मंगलला स्पेक्युलम लावलं, तर पिशवीचं तोंड बंद, तोंडाशी तुकडा नाही, काळपट रक्त जरासं. बोटाने तोंड नुसतं हलवलं, तर ती टेबलावरून उडालीच. तपासणी तेवढ्यावरच थांबवली. नळी फुटलेली असेल तर आत जोर लावून चाचपडणं धोक्याचं असतं. रात्री रेडिओलॉजिस्ट नसतात, पण कॅज्युअल्टीत पोटावरून बघायचं छोटं सोनोग्राफी मशीन आहे. सरांनी उजव्या बरगडीखाली प्रोब ठेवला. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी पट्टी, म्हणजे साचलेलं रक्त. तिथे एरवी काही नसतं. सरांनी प्रोब खाली ठेवला आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना स्वतः फोन लावला.

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला १०.२. नवऱ्याने तो बघून विचारलं, "सिस्टर, रक्त तर चांगलं दिसतंय, मग ऑपरेशन कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. ताजं रक्त जातं तेव्हा लाल पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात जातं, म्हणून उरलेल्या रक्ताची दाटी तीच राहते. काही तासांनी, सलाईन भरल्यावर, खरा आकडा दिसतो. पहिल्या हिमोग्लोबिनवर विसंबून थांबलेल्या केसेस मी ऐकल्या आहेत, म्हणून हे त्यांना सावकाश सांगितलं. गर्भारपणाचं संप्रेरक रक्तात किती आहे ते मोजणारं बीटा एचसीजी मात्र पाठवलं नाही. नळीतला गर्भ फुटायच्या आधी लक्षात आला, बाई स्थिर असली, तर ती तपासणी ४८ तासांच्या अंतराने करतात, आकडा नीट वाढतोय की अडखळतोय ते बघतात, आणि काही जणींना मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर निभावून नेतात. पोटात रक्त भरलेल्या बाईला रिपोर्टची वाट बघायला वेळ नसतो.

संमतीपत्रावर सही मंगलचीच घेतली. ती शुद्धीवर होती, सज्ञान होती. नवऱ्याने पेन हातात घेतलं होतं, मी ते तिच्याकडे दिलं. मॅडमनी तिला दोन वाक्यांत सांगितलं, गर्भ नळीत होता, नळी फुटली आहे, ती काढावी लागेल, दुसरी नळी चांगली असेल तर ठेवू. तिने विचारलं, "पिशवी राहील ना?" राहील म्हटल्यावर सही केली. बांगड्या, जोडवी काढली, नखांचं पॉलिश पुसलं, कारण पॉलिशवर बोटाचं मीटर नीट वाचत नाही. मंगळसूत्र काढायला सासूबाई तयार नव्हत्या. ते नवऱ्याच्या हातात देऊन रजिस्टरवर त्याची सही घेतली. या असल्या कामांत पाच मिनिटं जातात आणि ती आधीच उरकून ठेवली नाहीत तर थिएटरच्या दारात जातात.

आमच्याकडे रक्त साठवण केंद्र आहे, पूर्ण रक्तपेढी नाही. बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या मिळाल्या. जिल्ह्याहून आणखी आणायची तयारी म्हणून नवऱ्याच्या भावाला मागणीपत्र आणि नमुना देऊन गाडीवर पाठवलं. पिशवीवरचा नंबर, गट, मुदत आणि पेशंटचं नाव थिएटरच्या सिस्टरबरोबर मोठ्याने वाचून जुळवलं. कितीही घाई असली तरी हे दोघींनीच करायचं असतं.

पोट उघडलं तेव्हा सक्शनच्या बाटलीत आणि पोटातून काढलेल्या गुठळ्यांत मिळून दीड लिटरच्या आसपास रक्त भरलं. उजवी नळी, तिचा मधला रुंद भाग, फाटलेला. नळीतले बहुतेक गर्भ तिथेच अडकतात. तो भाग रुंद असल्याने गर्भाला थोडे जास्त दिवस जागा मिळते. पिशवीला लागून असलेल्या अरुंद भागात अडकला असता तर नळी आणखी लवकर फुटली असती. मॅडमनी नळी काढली, डावी बघून ठेवली, फॉर्मेलिनमध्ये घालून नमुना तपासणीला गेला. पहाटे चारला मंगल वॉर्डात परत आली. दोन पिशव्या चढवूनही सकाळचं हिमोग्लोबिन ८.१ होतं. नवऱ्याला तो कागद दाखवला, तेव्हा रात्रीचं त्यांच्या ध्यानात आलं.

रात्रीच्या धावपळीत तिसरीकडे, सात नंबरकडे, जाऊन येणंही चालूच होतं. ती बावीस वर्षांची, पहिलटकरीण, नवव्या आठवड्यात. डागासारखं लाल जात होतं, ओटीपोटात थोडं ओढल्यासारखं, पिशवीचं तोंड बंद, आणि दुपारच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसलेले. याला गर्भपाताची नुसती धमकी म्हणतात. ठोके दिसले असतील तर बहुतेक वेळा गर्भ टिकतो. तिची आई मात्र तिला संडासलाही उठू देत नव्हती. पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं काही सिद्ध झालेलं नाही, हे तिला सांगितलं आणि हिंडू-फिरू दिलं. पॅड फेकायचे नाहीत, एका पिशवीत साठवून मला दाखवायचे, एवढंच काम दिलं. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, गुठळी पडली, कळा ठरावीक अंतराने यायला लागल्या किंवा पाणी गेलं तर हाक मारायची, कारण मग तोंड उघडायला लागलेलं असतं आणि ती धमकी राहत नाही, गर्भ पडणारच असतो. पडलं तर काय पडलं तेही फेकायचं नाही. ते पाण्यात धरून बघतात. गर्भाचा भाग असेल तर शेवाळासारखे बारीक तंतू पाण्यात पसरतात. नुसतं अस्तर किंवा गुठळी असेल तर पसरत नाहीत. मंगलच्या घरी पडलेला तुकडा कोणी असा बघितला असता, तर कदाचित आठवडाभर आधी कळलं असतं. पण घरी कोण असं बघतं, लोक गुपचूप पुरून टाकतात.

चार नंबरच्या बाईची पिशवी मॅडमनी पहाटे मंगलच्या ऑपरेशननंतर व्हॅक्यूमने रिकामी केली. तिचा गट ए निगेटिव्ह निघाला. निगेटिव्ह गटाच्या बाईला द्यायचं अँटी-डी इंजेक्शन बाळंतपणात सगळ्यांच्या लक्षात असतं, गर्भपातात आणि नळीच्या ऑपरेशनमध्ये विसरतं, कारण बाई एक-दोन दिवसांत घरी जाते. आमच्याकडे ते ७२ तासांच्या आत देतात. मी केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवते, आणि इंजेक्शन दिल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड हातात देत नाही. तापमान मात्र तिचं दर दोन तासांनी घेतलं. अर्धवट राहिलेला गर्भ आत कुजायला लागला, तर आधी ताप चढतो, मग अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो, पोट कडक होतं. काही वर्षांपूर्वी गावठी उपाय करून आलेली अशी एक बाई मी बघितली आहे. त्या अवस्थेत शिरेतून अँटिबायोटिक आधी सुरू होतात आणि पिशवी नंतर रिकामी होते, उलटं नाही. या बाईला तसं काही झालं नाही.

मंगलला दुसऱ्या दिवशी उठवून बसवलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "ताई, गोळ्यांमुळे फुटली का नळी?" नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. गर्भ नळीत आधीच होता, गोळ्या घेतल्या नसत्या तरी फुटलीच असती. गोळ्यांनी एवढंच केलं की सगळं संपलं असं वाटून ती थांबली. तिला याआधी कधी ओटीपोटात सूज येऊन ताप आला होता का, अंगावरून पांढरं जाऊन दुखत होतं का, टीबी झाला होता का, हे मॅडमनी विचारून नोंदवलं. नळी आतून चिकटायला ही कारणं पुरतात. धाकट्या बाळंतपणानंतर तिला तसं झालं होतं, पण कोणी औषध पूर्ण केलं नव्हतं. पुढचा गर्भ पुन्हा नळीत अडकण्याची शक्यता एकदा असं झालेल्या बाईला साधारण दहात एक असते, हेही तिला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगितलं. त्याला काय सांगायचं, किती सांगायचं, हे आधी तिला विचारून घेतलं होतं. सासूबाईंना नळीचा आजार एवढंच सांगायचं ठरलं.

आठव्या दिवशी टाके काढायला ती आली तेव्हा जखम कोरडी होती. तांबी नको म्हणाली, गोळी रोज आठवणार नाही म्हणाली. मॅडमशी बोलून तिला 'अंतरा' या गर्भनिरोधकाचं पहिलं इंजेक्शन दिलं, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं आणि तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. कार्डावर पुढची तारीख लिहिली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहून दिलं, पाळी चुकली तर सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी, त्याआधी कुठलीही गोळी नाही. नवऱ्याने कार्ड वाचलं, खिशात ठेवायला निघाला होता. मंगलने ते मागून घेतलं.